आभारापुढची चार वाक्यं

'तुम्ही आपला बहुमोल वेळ दिलात त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तुमच्याशी बोलून पुष्कळ शिकायला मिळालं. तुमच्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळाली तर मी तिचं सोनं करीन. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत.'

भरतीचं काम करणाऱ्या कुणालाही हा मेल तोंडपाठ असतो. तो नम्र आहे, शुद्ध आहे, त्यात खटकण्यासारखं काही नाही. पण तो वाचून झाल्यावर उमेदवाराबद्दल कालच्यापेक्षा एकही गोष्ट जास्त कळत नाही. तो मुलाखतीच्या आदल्या रात्री लिहून ठेवता आला असता आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवता आला असता. वाचणाऱ्याच्या हे लगेच लक्षात येतं. तो मनातल्या मनात 'बरं' म्हणतो आणि पुढच्या मेलकडे वळतो.

मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवायचा ही पद्धत आपल्याकडे मुख्यतः अमेरिकी कंपन्यांबरोबर आली. तिथे ती इतकी रुजलेली आहे की २०१९ साली 'बिझनेस इनसायडर'च्या व्यवस्थापकीय संपादक जेसिका लीबमन यांनी एक लेख लिहून आपला नियम जाहीर केला: मुलाखतीनंतर ज्यानं आभाराचा मेल पाठवला नाही, त्याला नोकरी द्यायची नाही. त्यावरून मोठा वाद झाला. ज्यांना घरातून हा रिवाज कधी शिकायलाच मिळाला नाही, अशा उमेदवारांवर हा अन्याय आहे, असं अनेकांनी ठणकावून सांगितलं. मला तो आक्षेप पटतो. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात बहुतेक उमेदवार असा मेल पाठवत नाहीत आणि त्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. माझी स्वतःची बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसण्यात गेली आहेत. केवळ मेल आला नाही म्हणून आम्ही कुणाला नाकारलं, असं मला आठवत नाही.

याची दुसरी बाजूही आधीच सांगून टाकतो. मेलमुळे नकाराचा होकार होत नाही. मुलाखत घेणारे आपलं मत बहुतेक वेळा त्याच दिवशी नोंदवतात. पुष्कळ कंपन्यांत उमेदवार खोलीबाहेर पडला की लगेच गुण आणि शेरा भरायचा असतो. ज्याचं उत्तर मुळातच 'नाही' असं ठरलं आहे, त्यानं कितीही सुंदर मेल लिहिला तरी तो शेरा बदलत नाही. मेल उपयोगी पडतो तो वेगळ्या ठिकाणी. दोन किंवा तीन उमेदवार जवळपास सारखे वाटतात, 'हिला विषय कळतो, पण खोलात जाईल का?' अशी एखादी शंका शेऱ्यात लिहिलेली असते आणि दोन दिवसांनी सगळे मिळून चर्चेला बसणार असतात. त्या शंकेला उत्तर देणारी एखादी गोष्ट त्याआधी हाती आली, तर तिला वजन असतं. 'खूप आभारी आहे' या शब्दांना त्या चर्चेत काहीच वजन नसतं.

असा मेल पाठवायला आपली मराठी मुलं बिचकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतं. 'मस्का लावतोय असं वाटेल', 'गळ घातल्यासारखं दिसेल' ही भीती असते. ती अगदीच खोटी नाही, पण आपण समजतो तेवढी मोठीही नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आपल्यासाठी काही केलं अशा व्यक्तींना लोकांनी कृतज्ञतेची पत्रं लिहिली. ते पत्र वाचून समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला आणि समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज बराच कमी. लिहिणारे आपल्या शब्दांच्या नेटकेपणाची काळजी करत होते, वाचणारे मात्र त्यातला जिव्हाळा पाहत होते. हा अभ्यास नोकरीच्या मुलाखतींवर नव्हता. मुलाखतीत एका बाजूला गरज असते आणि दुसऱ्या बाजूला अधिकार असतो, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लागू होणार नाही. तरी शब्द जुळत नाहीत म्हणून मेलच पाठवायचा नाही, या घोळात अडकलेल्यांनी तो लक्षात घ्यावा.

मस्का आणि मनापासून लिहिलेला मेल यांतला फरक शब्द किती गोड आहेत यावरून ठरत नाही. लिहिणाऱ्यानं समोरच्याचं बोलणं ऐकलं होतं की नाही, यावरून तो ठरतो. म्हणून या मेलची खरी तयारी मुलाखत चालू असतानाच होते. मुलाखत घेणारा माणूस एखाद्या प्रश्नाकडे दोनदा वळतो, एखाद्या अडचणीबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो, आपल्या एखाद्या उत्तरावर 'ठीक आहे' म्हणून तो पुढे सरकतो. त्याला नेमकं काय हवं आहे, ते या जागा सांगत असतात. बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेपर्यंत किंवा बसथांब्यावर उभं असतानाच त्या फोनमध्ये टिपून ठेवाव्यात. रात्री आठवून लिहू म्हटलं तर आपली उत्तरं तेवढी आठवतात, समोरच्याचे शब्द निसटून गेलेले असतात.

एक उदाहरण तपशिलानं पाहू. भोसरीतला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा एक कारखाना. हिशेब विभागात सीनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा आहे. उमेदवार मुलगी बी.कॉम. झालेली, सांगलीत एका सी.ए.च्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेली. मुलाखतीत फायनान्स मॅनेजर तिला सांगतात, 'आमच्याकडे दर महिन्याला चौदा ते वीस तारीख म्हणजे कुणी घरी वेळेवर जात नाही.'

ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी हे थोडं उलगडायला हवं. कारखाना पुरवठादाराकडून माल घेतो तेव्हा बिलात कर भरतो आणि तो कर पुढे आपल्या देण्यातून वजा करून घेतो. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. पुरवठादारानं आपल्या विवरणात ते बिल दाखवलं असेल तरच ही वजावट मिळते. १ जानेवारी २०२२ पासून हा नियम कायद्यात स्पष्टपणे आला आहे. दरमहा विवरण भरणारे पुरवठादार ११ तारखेपर्यंत आपली बिलं दाखवतात, १४ तारखेला खरेदीदाराला त्या सगळ्यांचं एकत्र पत्रक मिळतं, त्याला जीएसटीआर-२बी म्हणतात, आणि २० तारखेपर्यंत खरेदीदारानं आपला कर भरायचा असतो. म्हणजे आपल्या खरेदीच्या नोंदी आणि सरकारी पत्रक यांची जुळवणी करायला मधले सहाच दिवस मिळतात. एखादं बिल जुळलं नाही तर तेवढ्या कराचे पैसे त्या महिन्यात खिशातून जातात.

मॅनेजरांनी विचारलं, 'ही जुळवणी तुम्ही कशी कराल?' तिनं उत्तर दिलं, 'एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून.' ते म्हणाले, 'ते करून झालंय आमचं. बिल नंबरच जुळत नाहीत.' आणि पुढचा प्रश्न आला.

हीच ती जागा. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि समोरच्यानं आपली खरी अडचण एका वाक्यात सांगून टाकली होती. पुरवठादाराच्या छापील बिलावर 'पीई/२४-२५/०११८' असा क्रमांक असतो. कारखान्यातला ऑपरेटर घाईत नुसतं '११८' टाकतो. पुरवठादाराचा माणूस विवरण भरताना 'पीई-११८' लिहितो. माणसाला ही तिन्ही एकच बिलं दिसतात, पण व्हीलुकअप तंतोतंत सारखा मजकूर शोधतं आणि त्याला ती तीन वेगळी बिलं वाटतात. मुलीच्या टिपणात घरी जाताना एवढीच ओळ होती: 'नंबर जुळत नाहीत. मग कशावर जुळवायचं?'

रात्री तिनं काही बनावट नोंदी तयार केल्या आणि करून पाहिलं. सी.ए.च्या ऑफिसातल्या कुठल्याही अशिलाचा खरा डेटा तिनं वापरला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली हुशारी दाखवण्याच्या भरात सध्याच्या कंपनीची फाइल जोडून पाठवणारे उमेदवार असतात. वाचणारा लगेच ओळखतो की उद्या हा आपलीही माहिती अशीच बाहेर देईल. मेल कितीही उत्तम असला तरी तिथे विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाठवलेला मेल असा. प्रत्यक्षात तो इंग्रजीतच जाणार, इथे मराठीत देतो.

'नमस्कार सर,

काल तुम्ही १४ ते २० तारखेच्या कामाची अडचण इतकी मोकळेपणानं सांगितलीत त्याबद्दल आभार. काम नेमकं काय आहे हे मला त्यातून कळलं.

तुमच्या प्रश्नावर मी व्हीलुकअप असं उत्तर दिलं, ते पुरेसं नव्हतं. बिल क्रमांक तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं लिहिलेला असेल तर ते चालणार नाही. रात्री मी काही बनावट नोंदी घेऊन वेगळ्या प्रकारे करून पाहिलं. बिल क्रमांक बाजूला ठेवला आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक व पूर्ण रुपयांत घेतलेली कराची रक्कम या दोन गोष्टी जोडून त्यावर जुळवणी केली. जिथे अशी एकच जोडी सापडते ती बिलं पहिल्याच फेरीत सुटतात. एकाच पुरवठादाराची सारख्या रकमेची दोन-तीन बिलं असतील, तिथेच फक्त क्रमांकाचे शेवटचे आकडे पाहावे लागतात. राहिलेली बिलं हातानं.

रक्कम जुळली म्हणजे बिल तेच, असं मात्र नक्की म्हणता येत नाही. म्हणून क्रेडिट घेण्याआधी या जोड्यांवर कुणीतरी नजर फिरवायला हवी. तुमच्याकडे क्रेडिट नोटा किती येतात ते मला माहीत नाही. त्या आधी वेगळ्या काढाव्या लागतील असं वाटतं. तुम्ही हे करून पाहिलं असेल, तर कुठे अडलं ते ऐकायला आवडेल.

हे काम करायला आवडेल असं काल बोलतानाच वाटलं होतं. करून पाहिल्यावर ते पक्कं झालं.

आपली, …'

या मेलमध्ये आभाराचं वाक्य एकच आहे आणि ते एका विशिष्ट गोष्टीबद्दल आहे. 'बहुमोल वेळ' या शब्दांनी सगळ्यांचेच आभार मानता येतात. 'अडचण मोकळेपणानं सांगितलीत' हे मात्र त्या खोलीत त्या वेळी बसलेल्या माणसालाच लिहिता येतं. आणि ते खरंही आहे. मॅनेजरांनी ती अडचण सांगितली नसती तर तिला पुढचं काही लिहिताच आलं नसतं. मदत कशाची झाली हे नेमकं सांगितलं की आभार आपोआप खरे वाटतात, त्यांना 'मनःपूर्वक', 'अंतःकरणापासून' असे टेकू लावावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, ती आपलं उत्तर अपुरं होतं असं सरळ म्हणते आणि का अपुरं होतं तेही सांगते. पुष्कळ उमेदवार इथे घाबरतात. झाकली मूठ उघडायची कशाला, असं त्यांना वाटतं. पण मूठ आधीच उघडलेली असते. 'ठीक आहे' म्हणून पुढे गेलेल्या माणसाला ते उत्तर अपुरं आहे हे तेव्हाच कळलेलं असतं. ते आपल्यालाही कळलं आहे, एवढंच मेलमधून नव्यानं कळतं, आणि हिशेबाच्या कामात हा गुण फार मोलाचा असतो.

माझ्या मते मेलमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तिनं सांगितलेली मर्यादा हाच आहे. 'रक्कम जुळली म्हणजे बिल तेच, असं नाही' आणि 'क्रेडिट नोटा किती येतात ते मला माहीत नाही' ही दोन वाक्यं काढून टाकली तर तोच मेल आगाऊ वाटू लागेल. तासाभराच्या बोलण्यावरून बाहेरच्या माणसानं कारखान्याचा प्रश्न सोडवला, असा त्याचा सूर होईल. मॅनेजरांनी कदाचित हे सगळं दोन वर्षांपूर्वीच करून पाहिलेलं असेल. म्हणून तिनं पद्धत सांगितली, ती कुठे फसू शकते ते सांगितलं आणि पुढचं समोरच्यावर सोडलं. आत काम करणाऱ्याला जास्त माहीत असणार, हे गृहीत धरूनच बाहेरच्यानं बोलायला हवं.

आणि मेल तिथेच थांबला. तिनं फाइल जोडली नाही, वीस पानांचं सादरीकरण पाठवलं नाही. उमेदवार कधी कधी उत्साहाच्या भरात दोन-दोन दिवस खपून संपूर्ण योजना तयार करून पाठवतात. ती उघडायला कुणाला वेळ नसतो. शिवाय काही ठिकाणी अशी फुकटची योजना वापरली जाते आणि उमेदवार विसरला जातो. मागितली तर फाइल द्यावी, नाही मागितली तर चार वाक्यं पुष्कळ झाली. फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवून वाचता येईल एवढाच मेल बहुतेक लोक शेवटपर्यंत वाचतात.

प्रत्येक मुलाखतीत अशी अडचण हाती लागत नाही. कधी आपण चक्क चुकीचं सांगून येतो. याच मुलीनं समजा २बी हे पत्रक पुरवठादार बिलं भरतील तसं रोज बदलत राहतं, असं सांगितलं असतं. रोज बदलणारं पत्रक २ए, २बी त्या महिन्यासाठी ठरलेल्या तारखेला तयार होतं. घरी आल्यावर ती चूक लक्षात आली, तर 'काल मी २बीबद्दल जे सांगितलं ते खरं तर २एला लागू पडतं' हे एक वाक्य मेलचं काम पूर्ण करतं. चूक एकदा दुरुस्त करावी, तिच्याबद्दल माफी मागत परिच्छेद लिहू नये. आणि तीन-चार चुका झाल्या असतील तर सगळ्या सुधारत बसू नये, त्या कामाशी सगळ्यात जवळची असेल ती एक घ्यावी. सगळी मुलाखत पुन्हा देण्याची ती जागा नव्हे.

शाळेत नोकरीसाठी गेलेल्या शिक्षिकेची गोष्ट वेगळी असते. तिनं पाचवीच्या वर्गावर नमुना पाठ घेतलेला असतो आणि मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसून पाहत असतात. पाठानंतर बाई विचारतात, 'खिडकीजवळची तीन मुलं लिहीतच नव्हती, बघितलंत का?' तिच्या मेलमध्ये त्या तीन मुलांबद्दल काहीतरी यायला हवं. फळ्यावरचं उतरवून घेण्याआधी त्यांना तोंडी सांगायला लावलं असतं तर बरं झालं असतं, पुढच्या वेळी मी असं करून पाहीन, एवढंही चालेल. अपूर्णांकांचा पाठ किती छान झाला हे लिहिण्यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगून जातं. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींकडे अनुभव नसतो, तिथे मुलाखतीत कुणी सुचवलेलं पुस्तक, यंत्र किंवा विषय उघडून पाहिल्याची एक खरी ओळ पुरते. मात्र खरंच उघडून पाहिलेलं असावं. पहिल्या प्रकरणात काय आहे हे पुढच्या फेरीत विचारलं जाऊ शकतं.

आणि कधी कधी काहीच हाती लागत नाही. पंधरा मिनिटांची घाईची मुलाखत, ठरावीक प्रश्न, कुणाचा चेहरा नीट पाहायलाही मिळालेला नसतो. तिथे ओढूनताणून भर घालू नये. दोन ओळींचे साधे आभार पाठवावेत किंवा काहीच पाठवू नये. रेटून आणलेला मुद्दा रिकाम्या आभारांपेक्षा वाईट दिसतो. कंपनीच्या वेबसाइटवरचं ध्येयवाक्य उचलून 'आपल्या मूल्यांनी मी भारावून गेलो' असं लिहिणं हा त्यातलाच प्रकार.

मुलाखत तीन जणांनी घेतली असेल तर तिघांना तोच मेल पाठवण्याची चूक फार होते. हे तिघं शेजारी शेजारी बसतात आणि मेल एकमेकांना दाखवतात. शब्दन् शब्द सारखा दिसला की सगळी मेहनत पाण्यात जाते. ज्याच्याशी खरं बोलणं झालं त्याला लिहावं आणि त्यातच इतर दोघांना आभार कळवायला सांगावं, हे सगळ्यात सोपं. प्रत्येकाशी वेगळं बोलणं झालं असेल तरच वेगळे मेल लिहावेत. जुन्या मेलवरून नवा तयार करताना मागच्या कंपनीचं नाव राहून जाणं ही दुसरी नेहमीची चूक. म्हणून पाठवण्याआधी एकदा फक्त नावं तपासावीत: माणसाचं, कंपनीचं, पदाचं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर जरूर पाहावं. एकच देशपांडे किंवा चौधरी माणसं चार तऱ्हांनी लिहितात आणि आपलं आडनाव चुकलेलं कुणालाच आवडत नाही.

पत्ता मिळवणं हीसुद्धा आपल्याकडे एक अडचणच असते. मुलाखत घेणाऱ्यांचे मेल पत्ते उमेदवाराला बहुतेक दिले जात नाहीत, एचआरमधल्या एका व्यक्तीचा किंवा प्लेसमेंट कन्सल्टंटचा तेवढा माहीत असतो. मग त्यांनाच लिहावं आणि 'हे अमुक सरांपर्यंत पोचवाल का?' असं विचारावं. मुलाखतीच्या निमंत्रणाच्या मेललाच उत्तर दिलं तर कुठल्या पदाचा, कुठला उमेदवार हे शोधावं लागत नाही. कंपनीचे पत्ते कसे बनतात याचा अंदाज बांधून मॅनेजरांचा पत्ता तयार करू नये, आणि नंबर कुठून तरी मिळवून रात्री व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहू नये. समोरच्यानं स्वतः व्हॉट्सॲपवर संपर्क ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. मेल त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलेला बरा. घरी पोचायच्या आत पाठवला तर आधीच लिहून ठेवल्यासारखा दिसतो, आणि चार दिवसांनी गेला तर तोवर चर्चा होऊन गेलेली असते.

'रिस्पेक्टेड सर' की नुसतं नाव, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. मुलाखतीत ज्या नावानं हाक मारली तेच मेलमध्ये लिहावं. हिंजवडीच्या आयटी कंपनीत पहिल्या नावानं बोललो असू तर मेलमध्ये अचानक 'आदरणीय' होऊ नये. कारखान्यात, शाळेत, बँकेत 'सर', 'मॅडम' म्हणालो असू तर तेच ठेवावं. 'काइंडली डू द नीडफुल' आणि 'आय वूड लाइक टू टेक धिस ऑपॉर्च्युनिटी' ही वाक्यं गाळली की बहुतेकांचं इंग्रजी आपोआप माणसासारखं वाटू लागतं. आधी मराठीत सुचलं ते लिहावं आणि मग त्याचा मतलब साध्या इंग्रजीत मांडावा. पगार, रुजू होण्याची तारीख, घरून काम करण्याची सवलत हे विषय या मेलमध्ये आणू नयेत, त्यांच्यासाठी नंतर एचआरशी वेगळं बोलणं होतंच.

सरकारी नोकरीच्या मुलाखतींना यातलं काहीही लागू नाही. लोकसेवा आयोग असो, सरकारी बँका असोत की सार्वजनिक उपक्रम, निवड मंडळाच्या सदस्यांशी उमेदवारानं बाहेरून संपर्क साधणं तिथे चुकीचं मानलं जातं. कुठल्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणल्यास उमेदवारी रद्द होईल, अशी सूचना सरकारी जाहिरातींत असतेच. आपला हेतू कितीही चांगला असला तरी आभाराचा मेलही त्यात मोजला जाऊ शकतो. तिथे मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडताना मंडळाला नमस्कार केला की झालं.

मेल गेल्यावर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. त्याचा अर्थ नकार असा घेऊ नये. निकालाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून तीन-चार दिवस गेल्यावर एकदा, एचआरला, दोन ओळींत विचारावं. त्यानंतर पुन्हा विचारू नये.

माझी एक विनंती मुलाखत घेणाऱ्यांनाही आहे. एखाद्या उमेदवारानं तुमचं बोलणं ऐकून, रात्री बसून, विचार करून चार वाक्यं लिहिली असतील, तर त्याला एका ओळीचं उत्तर द्या. निवड होणार की नाही हे सांगायची गरज नाही, कंपनीचा नियम आड येत असेल तर ते सांगताही येणार नाही. पण 'क्रेडिट नोटांचा मुद्दा बरोबर आहे, आम्ही तिथेच अडलो होतो' एवढं लिहायला कुठलाच नियम आड येत नाही. त्या मुलीला ही नोकरी मिळाली नाही, तरी पुढच्या मुलाखतीत तिला त्याचा उपयोग होईल.